उपाशीपोटी कडक चहा-कॉफी: जळजळ वेगळी, घाई वेगळी

प्रश्न: मी निपाणीचा, वय ३६. पहाटे घरी चहा घेऊन बेळगावची बस धरतो. उपाशीपोटी कडक चहा घेतला की छातीत जळजळतं आणि दहा मिनिटांत संडासला पळावं लागतं. बेळगावात उडप्याकडची फिल्टर कॉफी घेतली तर आणखी जोरात. संध्याकाळी तोच चहा काही करत नाही. हा चहाचा दोष की माझ्या पोटातच बिघाड आहे? चहा सोडावा लागेल का?

उत्तर:

पोटात मोठा बिघाड असण्याची शक्यता कमी आहे आणि चहा कायमचा सोडायची गरज बहुधा पडणार नाही. हे मी तुमच्या एका वाक्यावरून म्हणतोय, 'संध्याकाळी तोच चहा काही करत नाही'. जठरात जखम असती किंवा आतड्याला सूज असती तर त्रास बहुधा चहाशिवायही झाला असता. म्हणजे चहा तोच असला तरी पहाटेचं पोट वेगळं असतं. ते कसं, हे कळलं की काय बदलायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी एक गाठ सोडवू. तुम्ही जळजळ आणि घाई एकत्र सांगताय. दोन्ही एकाच कपानंतर येतात, म्हणून एकाच कारणाची वाटतात. आमच्याकडे येणारे बहुतेकजण 'डॉक्टर, चहानं पित्त होतं आणि ते पित्त खाली उतरतं' असंच सांगतात. तसं काही नसतं. जळजळ जठरात किंवा त्याच्या वर अन्ननलिकेत होते. घाई होते ती मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, तिथून बरीच लांब. दोन्ही ठिकाणी चहा वेगवेगळ्या वाटांनी काम करतो, आणि म्हणून एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

जळजळीचं आधी. पुष्कळांना वाटतं की चहाच आंबट असतो आणि तोच जाळतो. चहा-कॉफीची स्वतःची आम्लता अगदी सौम्य असते. लिंबू सरबत त्यापेक्षा कितीतरी पट आंबट, आणि जठरातला रस त्याहूनही. चहा-कॉफी स्वतः जाळत नाही, जठराला आम्ल सोडायला लावते. कॅफीन आणि त्यातले इतर कडू घटक जठराच्या आतल्या अस्तरावर थेट काम करतात, शिवाय कॉफीने गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढतं, जे आम्ल तयार करणाऱ्या पेशींना कामाला लावतं. दिल्लीत १९८४ साली झालेल्या एका अभ्यासात माणसांना चहा पाजून जठरातलं आम्ल मोजलं होतं. चहा जोरदार आम्ल सुटवतो, आणि दूध-साखर घातल्यावर तो जोर कमी होतो, असं त्यात दिसलं. कोऱ्या चहाने जास्त त्रास होतो ही लोकांची तक्रार त्याच्याशी जुळते.

आता पोट भरलेलं असताना हेच आम्ल सुटलं तरी भाकरी, भात, डाळ ते शोषून घेतात, विशेषतः प्रथिनं. जेवणानंतर काही काळ जठरातली आंबटपणाची धार त्यामुळेच बोथट असते. उपाशीपोटी ते शोषायला काहीच नसतं. त्यात चहा हा पातळ पदार्थ, जठरात फार वेळ थांबतच नाही, लवकर पुढे आतड्यात उतरतो. म्हणजे ऑर्डर देऊन गिऱ्हाईक निघून गेलं आणि मागे भट्टी पेटलेलीच राहिली, असा प्रकार. चहा पिताना काही वाटत नाही, वीस-पंचवीस मिनिटांनी जळायला लागतं, हे ऐकलं की मला नवल वाटत नाही.

पण जळतं कुठे, ते हात ठेवून दाखवा. तुम्ही 'छातीत' लिहिलंय. बेंबीच्या वर, बरगड्या जिथे मिळतात त्या खळग्यात जळत असेल तर ते जठराचं. छातीच्या मधल्या हाडामागून वर घशाकडे सरकत असेल, करपट ढेकर येत असेल, तोंडात आंबट पाणी येत असेल, तर आम्ल अन्ननलिकेत वर चढतंय. या दोन्हींच्या मधे एक झडप असते. कॅफीनने ती काही जणांत सैल पडते, सगळ्यांत नाही. ती सैल करणाऱ्या आणखी दोन गोष्टी आपल्या भागात सर्रास असतात: रात्रीचं उशिराचं तेलकट-तिखट जेवण आणि तंबाखू. रात्री दहाला झुणका-भाकरी-ठेचा खाऊन लगेच आडवं झालेल्या माणसाचं पोट पहाटे चारला पूर्ण रिकामं असतंच असं नाही, आणि रात्रभर थोडंथोडं आम्ल वर येऊन अन्ननलिका आधीच हुळहुळी झालेली असते. पहाटेचा चहा त्या हुळहुळ्या जागेवर पडतो आणि नाव चहाचं होतं.

आता घाई. कप संपायच्या आत किंवा पाच-दहा मिनिटांत जायची भावना होते, तेव्हा तो चहा मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. तिथे जायला त्याला काही तास लागतात. बाहेर पडतं ते कालचं-परवाचं अन्न. म्हणून 'चहा पोटात ठरत नाही, लगेच खाली जातो' हे खरं नाही. खाली जातो तो फक्त निरोप. जठर ताणलं गेलं, त्यात काही गरम किंवा तीव्र पडलं, की मज्जातंतू आणि संप्रेरकं मोठ्या आतड्याला जागा करायला सांगतात. जन्मजात असलेली ही प्रतिक्षिप्त क्रिया तान्ह्या बाळांत अगदी उघड दिसते, अंगावर पाजताच बाळ लंगोटात शी करतं. ती सकाळी सर्वात जोरदार असते. मोठं आतडं रात्री जवळजवळ झोपलेलं असतं, जाग आल्यावर ते स्वतःहूनच हलायला लागतं, आणि रात्रभर जमलेला मळ शेवटच्या भागात तयार असतो. तुमचा पहाटेचा चहा नेमक्या या क्षणी जातो. संध्याकाळी आतडं रिकामं झालेलं असतं, दुपारच्या जेवणाचा काही भाग पोटात असतो, म्हणून तोच चहा गप्प बसतो.

कॉफीचा जोर जास्त का, यावर ब्रिटनमध्ये १९९० साली काम झालं. ९९ निरोगी तरुण-तरुणींना विचारलं तेव्हा २९ टक्के जणांनी कॉफीने संडासला लागते असं सांगितलं. मग त्यातल्या थोड्या जणांच्या आतड्याच्या शेवटच्या भागात दाब मोजणारी नळी ठेवून कॉफी दिली. ज्यांना तशी सवय होती त्यांच्यात चार मिनिटांत हालचाल वाढली आणि किमान अर्धा तास टिकली. ज्यांना तशी सवय नव्हती त्यांच्यात काहीच झालं नाही. कॅफीन काढून टाकलेल्या कॉफीनेही हे घडलं, नुसत्या गरम पाण्याने नाही. अमेरिकेत १९९८ साली झालेल्या दुसऱ्या अभ्यासात कॅफीनवाल्या कॉफीचा परिणाम हजार कॅलरीच्या जेवणाच्या तोडीचा निघाला, आणि कॅफीन नसलेल्या कॉफीपेक्षा जास्त. म्हणजे कॅफीन महत्त्वाचं आहे, पण एकटं नाही, कॉफीतल्या इतर गोष्टीही ही हालचाल घडवतात. तुम्ही 'होणाऱ्या' माणसांपैकी आहात, इतकंच. शेजाऱ्याला होत नाही म्हणून तुमचं पोट नाजूक ठरत नाही.

चहात कॅफीन कॉफीपेक्षा साधारण निम्मं असतं. पण पहाटेच्या स्टँडवरचा चहा हा वेगळा प्रकार आहे. किटली चारला चढते, गिऱ्हाईक साडेपाचला पितं, तोवर पावडर उकळतच राहते. कॅफीन पहिल्या काही मिनिटांतच बाहेर पडतं, पुढच्या उकळीत वाढतो तो तुरटपणा. हे तुरट घटक रिकाम्या पोटात मळमळ आणतात. म्हणून घरचा आणि स्टँडचा चहा दिसायला सारखे असले तरी पोटाला सारखे लागत नाहीत.

हुक्केरी तालुक्यातल्या एका रुग्णाची गोष्ट सांगतो, तुमच्याशी बरीच जुळते. चाळिशीतला गडी, पहाटे गावोगावचं दूध उचलून टेम्पोने नेतो. त्याची तक्रार होती की हायवेला लागून हत्तरगी टोलनाक्याच्या आसपास आलं की थांबावंच लागतं, आणि कॅन उचलायला वाकला की घशापर्यंत जळतं. स्वतःच्या मनाने तो आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोलची गोळी घेत होता, तीही चहाबरोबर, आणि 'गोळीनं काही फरक नाही' म्हणत होता. त्याचा दिवस विचारून घेतला तो असा: रात्री दहा-साडेदहाला जेवण, लगेच झोप, पहाटे चारला उठून तंबाखूची चिमूट, मग स्टँडवर एक मोठा ग्लास चहा, मग ड्रायव्हिंग. पाचेक मिनिटांत पहिली घाई, मळ बांधलेला. पुन्हा एकदा पातळ. ताप, रक्त, आव, काही नाही. वजन स्थिर. पोट दाबून पाहिलं, तपासणीत काही सापडलं नाही.

वाकल्यावर जळणं वर येतं, म्हणजे अन्ननलिकेचं काम. त्याला आधी रात्रीचं जेवण सुधारायला सांगितलं: आठच्या आत, थोडं, आणि झोपायच्या आधी किमान दोन-तीन तास मधे. टेम्पोच्या धंद्यात ते रोज जमत नव्हतं, तेव्हा खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा घालून ती बाजू वीतभर उंच करायला लावली. दोन उशा घेऊन झोपण्याने काम होत नाही, पोट घडी पडल्यासारखं दबतं आणि उलट वर येतं. गोळी सोडवली नाही, तिची वेळ बदलली. ती पहाटे उठल्यावर पाण्याबरोबर, आणि पोटात काही घालायचं ते अर्ध्या तासाने. या गोळ्या जठरातल्या कामाला लागलेल्या पेशींवर बसतात, आणि त्या कामाला लागतात त्या खाल्ल्यावर. म्हणून गोळी आधी पोहोचलेली हवी. चहाबरोबर घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते.

जळजळ काही आठवड्यांत जवळजवळ थांबली. घाई मात्र तशीच राहिली. दोन्ही वेगळ्या गोष्टी असल्याचं हे मला नेहमीचं पटणारं चित्र. मग घाईशी भांडायचं सोडून तिला वेळ लावून दिली. गोळीनंतरचा अर्धा तास झाला की घरीच एक कप चहा आणि त्याबरोबर अर्धी ज्वारीची भाकरी, आणि मग घाई येईपर्यंत घर सोडायचं नाही. उशीर होऊ लागला तर जाग दहा-पंधरा मिनिटं आधी. आता आतडं घरीच रिकामं होतं, टोलनाक्यावर थांबावं लागत नाही. तंबाखू चहानंतर ढकलायला सांगितली, कारण निकोटीनही आतडं हलवतं आणि झडप सैल करतं. ती त्याने अर्धवटच पाळली, आणि ज्या दिवशी चिमूट आधी जाते त्या दिवशी दुसऱ्यांदा पातळ होतंच, असं त्यानेच येऊन सांगितलं. त्या भागातल्या बायकांत मिश्रीचं हेच. 'मिश्री लावल्याशिवाय परसाकडं होत नाही' असं आम्ही रोज ऐकतो. ती सवय आतड्याची नसून तंबाखूची आहे.

तुम्ही आधी एकेकच गोष्ट बदला, एकदम सगळ्या बदलल्या तर कशाने काय झालं ते कळणार नाही. पहिला आठवडा चहा तोच ठेवा, फक्त त्याच्या पाच-दहा मिनिटं आधी पोटात काही घाला. चुरमुरे मूठभर, अर्धी भाकरी, एक केळं, काल रात्रीचं थोडं उप्पीट, यातलं काहीही चालेल. खारी, बटर, टोस्ट नको. चहात बुडवून खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटतं, पण त्यातल्या वनस्पती तुपाने जठर हळू रिकामं होतं आणि जळजळ असलेल्याचा त्रास वाढतो. शिवाय चरबी ही आतड्याला हलवणारी सर्वात जोरदार गोष्ट आहे, म्हणजे खारी-चहा म्हणजे घाईला दुहेरी आमंत्रण. जळजळ खाल्ल्याने कमी झाली तर उत्तर मिळालं. नाही झाली तर दुसरा आठवडा चहाच बदला: पावडर कमी, दोन-तीन मिनिटांची उकळी, लहान कप.

घाई त्याने थोडीच कमी होईल, कारण नुसतं खाणंही तीच प्रतिक्षिप्त क्रिया चालू करतं. म्हणून ती बसच्या आधी होऊ द्या. जायचं थांबवून बस धरू नका, असं रोज केलं तर आतडं हळूहळू संकेत द्यायचं सोडतं आणि पुढे बद्धकोष्ठ मागे लागतं. फिल्टर कॉफी बेळगावला पोचल्यावर नाश्त्यानंतर घेतलीत तर बहुधा तिचाही जोर कमी वाटेल.

दुधाबद्दल एक जण नक्की विचारेल, म्हणून आधीच सांगतो. दुधाने क्षणभर थंड वाटतं, पण पुढे दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल सुटवतात, म्हणून जळजळीला रात्री ग्लासभर दूध हा पक्का उपाय नव्हे. आणि सगळ्यांना दुधातली साखर पचत नाही. ज्यांना पचत नाही त्यांना चहानंतर तासा-दोन तासांनी वात, गुडगुड, पातळ, असं होतं, पाच मिनिटांत नाही. उशिराचा आणि वात असलेला त्रास दुधाकडे बोट दाखवतो, तर पाच मिनिटांतली घाई चहाकडे. तुमची वेळ दहा मिनिटांची आहे.

आता बिघाड कधी समजायचा. चहाशिवायही सकाळी उपाशीपोटी वरच्या खळग्यात दुखतं आणि काही खाल्लं की थांबतं, विशेषतः दुखण्याने रात्री दोन-तीनला जाग येते, तर तो व्रण असू शकतो. आपल्याकडे जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू पुष्कळांत असतो. त्याची चाचणी करून औषध घेता येतं, चहा बंद करून तो जात नाही. गुडघ्या-कमरेसाठी वेदनाशामक गोळ्या रोज घेणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावं. घाईबरोबर दर वेळी पोटात मुरडा येतो, गेल्यावर सुटतो, दिवसात तीन-चार वेळा होतं, आणि हे महिनोन् महिने चाललंय, तर ते चिडलेल्या आतड्याचं दुखणं असू शकतं. तेव्हा नुसता चहा बदलून भागत नाही.

यापलीकडची काही चिन्हं असतील तर घरी प्रयोग करू नका: डांबरासारखा काळा मळ किंवा त्यात रक्त (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर काळा होतो, ते वेगळं), रात्री झोपेतून उठून संडासला जावं लागणं, कारण नसताना उतरलेलं वजन, गिळताना घास अडकणं, किंवा चाळिशी-पंचेचाळिशीनंतर नव्यानेच बदललेली शौचाची सवय. आणि छातीतली जळजळ चालताना किंवा जिना चढताना येते, बसलं की थांबते, घाम, दम, जबडा किंवा डावा हात असं काही सोबत असेल, तर ते चहाचं पित्त धरून बसू नका, आधी ईसीजी काढा. बेळगावात पित्तावरच्या गोळ्या घेत बसलेले आणि नंतर हृदयविकार निघालेले रुग्ण मी पाहिलेत.

चहा-कॉफी कमी करायचं ठरवलंत तर एकदम बंद करू नका. रोजचे चार-पाच कप असतील आणि अचानक सोडलेत तर दुसऱ्या दिवशी डोकं धरतं, चिडचिड होते, झोप येते, आणि बऱ्याचजणांना तेव्हा दोन-तीन दिवस शौचालाही होत नाही. तीन-चार दिवसांनी एकेक कप कमी करत या, पहाटेचा सर्वात शेवटी.